फाइव्ह पॉइंट्झचा खटला आणि भिंतीवरची कला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रीट आर्टवर वर्गात बोलायला लागलं की दहा मिनिटांत चर्चा ‘कला की विद्रुपीकरण’ या वळणावर येते आणि तिथेच गोल फिरत राहते. म्हणून मी हल्ली एकच प्रकरण घेतो: न्यूयॉर्कमधली फाइव्ह पॉइंट्झ नावाची इमारत. तिच्या भिंतींवर कलाकारांनी परवानगीने काढलेली चित्रं मालकाने रंग फासून मिटवली आणि त्यावरून खटला चालला. परवानगी, मालकी, सार्वजनिक जागा आणि कलेतिहासात कुणाला जागा मिळते, हे सगळे प्रश्न त्या एका खटल्यात कोर्टासमोर आले, आणि त्यांची उत्तरं द्यावीच लागली. विद्यार्थी आणि वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

फाइव्ह पॉइंट्झ म्हणजे नेमकं काय होतं?

क्वीन्स भागात लाँग आयलंड सिटी इथे एक जुना कारखाना होता. १८९२ साली पाण्याचे मीटर बनवण्यासाठी बांधलेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी वोल्कॉफ या बांधकाम व्यावसायिकाने तो घेतला. पुढे आतले गाळे कलाकारांना स्टुडिओ म्हणून भाड्याने गेले. १९९३ च्या सुमारास बाहेरच्या भिंतींवर परवानगीने ग्राफिटी काढायला सुरुवात झाली. २००२ मध्ये भिंतींची जबाबदारी जोनाथन कोहेन या कलाकाराकडे आली. ‘मेरेस वन’ या नावाने तो रंगवतो. शहराच्या पाच विभागांवरून त्याने जागेला फाइव्ह पॉइंट्झ हे नाव दिलं.

वोल्कॉफ आणि कोहेन यांच्यातला करार तोंडी होता. पुढे सगळं यावरच अडलं, म्हणून हे लक्षात ठेवा.

कोहेनने भिंतींची शिस्त लावली. नवीन आलेल्याने आधीचं काम दाखवायचं, मग त्याला भिंत मिळायची. काही भिंती दीर्घ मुदतीच्या, तिथे कसलेल्यांची चित्रं वर्षानुवर्षं राहायची. बाकीच्या अल्प मुदतीच्या, तिथे आठवड्यात चित्र बदलू शकायचं. अकरा वर्षांत दहा हजारांहून जास्त चित्रं तिथे झाली. सेव्हन नंबरच्या ट्रेनमधून ती दिसायची आणि समोरच आधुनिक कलेचं एक नावाजलेलं संग्रहालय होतं, मोमा पीएसवन. एकमेकांसमोरच्या या दोन इमारतींपैकी कला नेमकी कुठे आहे, हा प्रश्न कुणी विचारायची गरजच नव्हती. रस्ता ओलांडला की तो समोर असायचा.

ग्राफिटी आणि स्ट्रीट आर्ट एकच ना?

नाही, आणि रंगवणारे स्वतः हा फरक फार मानतात. ग्राफिटीचा गाभा अक्षर आहे. टॅग म्हणजे घाईत केलेली सही. थ्रो-अप म्हणजे दोन रंगांत, काही मिनिटांत उरकलेली फुगीर अक्षरं. पीस म्हणजे वेळ काढून, अनेक रंगांत केलेलं मोठं काम. वाइल्डस्टाइलमध्ये अक्षरं एकमेकांत इतकी गुंतवतात की बाहेरच्याला वाचताच येत नाहीत. हे करणारे स्वतःला चित्रकार म्हणवत नाहीत, रायटर म्हणवतात. स्ट्रीट आर्टमध्ये स्टेन्सिल, कागद चिकटवणं, भव्य भित्तिचित्र असं सगळं येतं आणि ते वाटसरूला कळावं अशी इच्छा असते. ग्राफिटीला वाटसरूची पर्वा नसते, तिचा वाचक म्हणजे दुसरा रायटर. फाइव्ह पॉइंट्झवर दोन्ही होतं.

परवानगीने काढलेली ग्राफिटी ही ग्राफिटी राहते का?

कट्टर रायटर म्हणतील, नाही. मला हे उत्तर रोमँटिक वाटतं. लेडी पिंक या नावाने ओळखली जाणारी सँड्रा फॅबारा घ्या. १९७९ पासून काही वर्षं ती न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या रात्री यार्डात शिरून रंगवायची, म्हणजे सरळ सरळ बेकायदा. फाइव्ह पॉइंट्झच्या खटल्यात हीच व्यक्ती फिर्यादींपैकी एक आहे, तेही परवानगीने काढलेल्या चित्रासाठी. हात तोच, अक्षरांची समज तीच. मात्र परवानगी मिळाली की वेळ मिळतो. वेळ मिळाला की रोलरने आधी पार्श्वभूमी रंगवता येते, शिडी लावता येते, चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. चित्राचं रूपच त्याने बदलतं. परवानगी ही त्यामुळे कायद्याइतकीच शैलीचीही बाब आहे.

मालकाने स्वतःच्या इमारतीवर रंग फासला. त्यात चुकलं काय?

बहुतेकांना इथेच धक्का बसतो. अमेरिकेत १९९० मध्ये चित्रकार आणि शिल्पकारांच्या हक्कांचा एक स्वतंत्र कायदा झाला. त्याचं लघुरूप ‘व्हारा’. भिंत कुणाची आणि चित्र कुणाचं, या दोन गोष्टी तो वेगळ्या करतो. भिंत मालकाचीच राहते. पण चित्राला ‘मान्यता पावलेला दर्जा’ असेल, तर ते जाणूनबुजून नष्ट करण्यापासून रोखायचा हक्क चित्रकाराला मिळतो, चित्र विकलं गेलेलं असलं तरी.

इमारतीवरच्या चित्रांसाठी त्यात खास तरतूद आहे. चित्र इमारतीपासून सुटं करता येत असेल, तर मालकाने लेखी नोटीस देऊन ९० दिवस द्यायचे, म्हणजे चित्रकार ते काढून नेऊ शकेल. सुटं करता येत नसेल, तर चित्र लावताना ‘काढल्यास ते नष्ट होऊ शकतं’ असं मान्य करणारा लेखी कागद दोघांनी सही केलेला असावा लागतो. तो असेल तर मालक मोकळा. वोल्कॉफकडे तो नव्हता. इमारत एक दिवस पडणार हे कलाकारांना माहीत होतं, सगळ्यांनी ते कोर्टात मान्यही केलं. पण माहीत असणं आणि लिहून देणं यात कायद्याने फरक केला.

कोर्टाने तर २०१३ मध्ये कलाकारांना नकार दिला होता ना?

हो, आणि त्यातच या गोष्टीचं नाट्य आहे. वोल्कॉफला तिथे निवासी मनोरे बांधायचे होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कलाकार पाडकामाला स्थगिती मागायला फेडरल कोर्टात गेले. न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी १२ नोव्हेंबरला स्थगिती नाकारली आणि सविस्तर कारणं लवकरच लेखी देऊ असं सांगितलं. ती कारणं २० नोव्हेंबरला आली. त्यांत म्हटलं होतं की ही चित्रं दर्जाची ठरली, तर मालकाला मोठी भरपाई द्यावी लागू शकते.

पण ती येण्याआधीच वोल्कॉफने एका रात्रीत माणसं लावून सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फिरवला होता. ना नोटीस, ना ९० दिवस. सकाळी लोक ट्रेनमधून पाहतात तर पांढऱ्या भिंती. आणि काम इतकं ढिसाळ की पातळ रंगाखालून चित्रं अर्धवट दिसत होती. इमारत प्रत्यक्ष पाडली २०१४ मध्ये. मधले कित्येक महिने ती तशीच, खालचं चित्र दाखवत उभी होती.

निकालात ब्लॉक यांनी हेच धरलं. परवाने येईपर्यंत थांबून, मग इमारत पाडली असती, तर मालकाने मुद्दाम कायदा मोडला असं आपण म्हटलं नसतं, असं त्यांनी लिहिलं. रात्रीतून रंग फासण्याची गरज नव्हती. ती मालकाची चीड होती.

चित्राला ‘दर्जा’ आहे हे कोर्ट कसं ठरवणार? न्यायाधीश काय कलासमीक्षक आहेत?

कलेतिहासाच्या विद्यार्थ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या भागाला.

२०१७ मध्ये खटला चालला. २१ कलाकार, ४९ चित्रं, आणि त्यांतलं एकही आता अस्तित्वात नाही. चित्र कोर्टात आणता येत नाही, न्यायाधीशांना भिंतीसमोर नेता येत नाही. मग कलाकारांच्या बाजूने प्रत्येकाची एक फाइल तयार झाली: भिंतीचे फोटो, आजवरचं काम, कुठे कुठे बोलावलं गेलं, वर्तमानपत्रांत काय छापून आलं, चित्रपटांत आणि समाजमाध्यमांवर ते चित्र कुठे दिसलं. शिवाय कोहेनने ती भिंत या माणसाला का दिली, हाही पुरावा मानला गेला. दीर्घ मुदतीची भिंत मिळणं ही त्या समाजातली एक निवडच होती, आणि निवड करणारा जाणकार होता.

मालकाच्या बाजूने कलेच्या इतिहासाची एक प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून उभी राहिली. अभ्यासपत्रिकांच्या डेटाबेसमध्ये आणि इंटरनेटवर तिने या चित्रांचा शोध घेतला होता, आणि बहुतेकांचा उल्लेखच सापडला नव्हता. म्हणजे युक्तिवाद असा: विद्वानांनी ज्यावर लिहिलं नाही, त्याला मान्यता कसली?

ब्लॉक यांना ही कसोटी फार आखूड वाटली. त्यांच्या मते ती चित्र ‘मान्यता पावलेलं’ आहे का हे न बघता ‘अजरामर’ आहे का हे बघत होती. ४९ पैकी ४५ चित्रांना त्यांनी दर्जा दिला, चारांना नाही. २०२० च्या फेब्रुवारीत वरच्या कोर्टाने निकाल कायम केला आणि व्याख्या थोडी नेमकी केली: चित्राची गुणवत्ता संबंधित समाजाने ओळखलेली असावी. तो समाज सहसा कलाविश्वाचा: कलेतिहासकार, समीक्षक, संग्रहालयांचे क्युरेटर, गॅलरीवाले, नामवंत कलाकार.

त्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. भिंतीवरचं चित्र वाचेल की नाही, यात कायद्याने कलेतिहासकाराला बोलायला बसवलं आहे. आणि आमच्या विषयाने पन्नास वर्षं या भिंतींकडे फारसं पाहिलंच नव्हतं. तेच न पाहणं उचलून चित्रांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरलं गेलं. न्यायाधीशाने ते मानलं नाही, पण मानलं असतं तर?

पण ही चित्रं तशीही पुसली जाणारच होती. एकमेकांवर रंगवणं ही त्यांचीच रीत.

मालकाचा हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. वरच्या कोर्टाने त्याला दोन उत्तरं दिली. एक, ‘व्हारा’ कायद्यात चित्र किती काळ टिकणार अशी अटच नाही. क्रिस्तो आणि जान-क्लोद यांनी २००५ मध्ये सेंट्रल पार्कात उभारलेली केशरी कापडांची दारं जेमतेम दोन आठवडे होती, तरी त्यांच्या दर्जाबद्दल वाद नाही. बँक्सीचं फुगेवालीचं चित्र लिलावानंतर लगेच चौकटीतल्या यंत्राने कापलं, तरी त्याची किंमत आणि कीर्ती वाढली. कोर्टाने ही दोन्ही उदाहरणं दिली. दुसरं, एका रायटरने ठरलेल्या रीतीने दुसऱ्यावर रंगवणं आणि मालकाने एका रात्रीत सगळं मिटवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

भरपाई ६७.५ लाख डॉलर कशी झाली?

भिंतीवरच्या चित्राला बाजारभाव काय? विकताच येत नसेल तर किंमत काढायची कशी? ती विश्वासार्ह रीतीने सिद्ध झाली नाही, म्हणून प्रत्यक्ष नुकसानाची रक्कम दिलीच नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेतली भरपाई दिली. ती एरवी एका कलाकृतीमागे ३० हजार डॉलरपर्यंत जाते, पण मुद्दाम उल्लंघन केलं असेल तर दीड लाखापर्यंत. ४५ चित्रं गुणिले दीड लाख. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अपील ऐकायला नकार दिला आणि ते पक्कं झालं. वोल्कॉफ त्याआधी काही महिने वारला होता. त्या जागी आज निवासी मनोरे आहेत. त्यांनाही फाइव्ह पॉइंट्झ हेच नाव दिलं. यावर मी काही बोलत नाही.

परवानगीशिवाय काढलेल्या चित्राला हे संरक्षण मिळतं का?

न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने १९९७ मध्ये एका सामुदायिक बागेतल्या चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रकरणात ‘नाही’ म्हटलं. दुसऱ्याच्या जागेवर विनापरवाना काम करून त्या जागेचा विकास अडवता येणार नाही, असं त्याचं कारण. मला ते कायदा म्हणून पटतं. इतिहास म्हणून पटत नाही. कारण ज्या शैलीला फाइव्ह पॉइंट्झवर दर्जा मिळाला, ती घडली विनापरवाना रंगवलेल्या गाड्यांवर. त्या गाड्या न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाने एकेक करून सेवेतून काढल्या किंवा धुतल्या, आणि १९८९ च्या मे महिन्यात भुयारी रेल्वे ग्राफिटीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्या गाड्यांचं आज जे उरलं आहे ते मार्था कूपर, हेन्री चॅल्फंट यांच्यासारख्यांच्या फोटोंमुळे.

ही जागा सार्वजनिक तरी होती का?

नव्हती. खासगी इमारत, खासगी मालक. सार्वजनिक होतं ते तिचं दिसणं. या चर्चेत माणसं नेहमी जमीन कुणाची ते विचारतात, पण भिंतीचा दर्शनी भाग रस्त्याचा असतो आणि मालकही त्याचा उपयोग करून घेतो. फाइव्ह पॉइंट्झमुळे तिथे पर्यटक आले, शाळांच्या सहली आल्या, शूटिंग झालं, आणि भाग नावारूपाला आला. भाव वाढले. वाढलेल्या भावाने मनोरे आणले आणि मनोऱ्यांनी भिंत घालवली. स्ट्रीट आर्टच्या समर्थकांना हे ऐकायला आवडत नाही, पण अनेक शहरांत घराचे भाव वाढवणारी पहिली माणसं रंगाचे डबे घेऊनच आलेली असतात.

आपल्याकडे असं झालं तर?

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराचे विशेष हक्क आहेत. कलाकृतीत त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा बदल किंवा विध्वंस झाला, तर तो भरपाई मागू शकतो. महत्त्वाचा निकाल शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते सरकारने न विचारता उतरवलं, गोदामात टाकलं, काही भाग हरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं शिल्प सहगलांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने वास्तुविशारद राज रेवल यांना, त्यांनी रचलेला हॉल ऑफ नेशन्स पाडला गेल्यावर, दाद दिली नाही. तिथे जमीनमालकाचा हक्क वरचढ ठरला. भिंतीवरचं रंगचित्र या दोघांत कुठे बसेल, हे त्या त्या प्रकरणावर आहे. अमेरिकेसारखी ९० दिवसांची नोटीस आपल्या कायद्यात लिहिलेली नाही.

दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. भिंत दिसेल अशा जागी असेल आणि परवानगी नसेल, तर चित्र किती सुंदर आहे हा बचाव चालत नाही. मुंबईत माहीम-दादर पट्ट्यात, तुळशी पाइप रोडच्या रेल्वेलगतच्या भिंतीवर २००९ मध्ये पालिकेच्या संमतीने सामान्य लोकांनी चित्रं काढली होती. ती मालिका फाइव्ह पॉइंट्झसारखीच परवानगीच्या आधारावर उभी होती. तुम्हाला कुणी सोसायटीची भिंत देत असेल तर तीन ओळींचा कागद करा: किती काळ, पुसण्याआधी किती दिवस कळवायचं, फोटोंचा हक्क कुणाचा. फाइव्ह पॉइंट्झच्या निकालानंतर अमेरिकेतले मालक रंग लागण्याआधी हक्क सोडल्याचा कागद पुढे करतात. तो न वाचता सही करू नका.

भिंतीचा फोटो काढून टी-शर्टवर छापला तर?

फोटो काढा, पाठवा, कुणी अडवणार नाही. विकायला लागलात की सावध व्हा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा छायाचित्र काढायची आणि प्रसिद्ध करायची मुभा आपल्या कायद्यात आहे. रंगचित्राला ती त्याच शब्दांत दिलेली नाही. चित्रकाराची परवानगी घेणं बरं.

मग कलेतिहासाच्या अभ्यासक्रमात हे हवं का?

हवं. पण सध्या जिथे असतं तिथे नको, म्हणजे शेवटच्या युनिटमध्ये, ‘समकालीन प्रवाह’ या मथळ्याखाली, बँक्सीच्या चार स्लाइड्स दाखवून. त्याने फक्त एक नवा नामवंत वाढतो.

हरकती मला ठाऊक आहेत. पहिली, ‘याने कायदा मोडायला उत्तेजन मिळेल’. विद्यार्थी अभ्यासक्रम वाचून रंगाचा डबा उचलत नाहीत. दुसरी जास्त गंभीर आहे: भिंतीवरचं चित्र वर्गात आणलं की त्याचा विरोध बोथट होतो, ते पाळीव होतं. हे खरं आहे. लेण्यांचंही तेच झालं, पूजेचं शिल्प परीक्षेचा प्रश्न झालं. तरी आपण लेणी शिकवणं सोडलं नाही.

माझा आग्रह वेगळा आहे. ही कला शिकवायची तर कलेतिहासाच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. वस्तू समोर आहे असं धरून चालायची सवय आणि एका चित्रामागे एक कर्ता शोधायची सवय. इथे वस्तू गेलेली असते, फोटो उरतो आणि तो फोटो कुणी, कधी, कशासाठी काढला हाही अभ्यासाचा भाग होतो. भिंतीवर थर असतात: आधीच्याचं चित्र, त्यावरचं चित्र, पालिकेने मारलेला राखाडी चौकोन, त्यावरची नवी सही. फाइव्ह पॉइंट्झच्या निकालपत्राला मी वर्गात चित्राइतकाच वेळ देतो. गुणवत्ता म्हणजे काय याची शपथेवर उलटतपासणी झालेली मला तरी दुसरीकडे फारशी माहीत नाही.

विद्यार्थ्यांना नेमकं काय करायला सांगता?

आपल्या गावातली एक भिंत निवडा आणि सहा महिने ठरावीक तारखांना, त्याच जागेवरून तिचे फोटो घ्या. शेजारची दुकानं आणि रस्ता चौकटीत येऊ द्या, नुसतं चित्र कापून घेऊ नका. मागाहून तेच लागतं. उंची आणि रुंदी मोजा किंवा दाराशी तुलना करून लिहा.

मग परवानगी होती का, याचा अंदाज भिंतीवरूनच बांधा. खाली रोलरने मारलेला सपाट पाया आहे, रेषा सलग आहेत, चित्र हात पोचेल त्याच्याही वर गेलंय, कोपऱ्यात पालिकेचं किंवा कंपनीचं बोधचिन्ह आहे, तर ते दिवसाउजेडी, परांचीवर उभं राहून झालेलं काम. एकाच रंगाचे ओघळ, खांद्याच्या उंचीला संपणारी अक्षरं, जुन्या पोस्टरवरूनच फिरवलेला स्प्रे, तर घाई होती. हा अंदाज दर वेळी बरोबर येत नाही, म्हणून शेजारच्या पानवाल्याला विचारा आणि त्याने सांगितलेलं त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. मात्र रायटरचं खरं नाव कळलं तरी वहीत लिहू नका. त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि तुमची वही पुरावा ठरू शकते. भिंतीवर जी सही आहे, तेवढीच नोंदवा.